तपासणीची प्रत आणि स्वाक्षरीची प्रत : एक्सेल वर्कबुक छपाईला देण्याआधीची पडताळणी

उन्हाळा लागला की मराठवाड्यातल्या पंचायत समित्यांमध्ये टँकरच्या खेपांचे तक्ते जवळपास रोज छापावे लागतात. कागद टेबलावर आल्यावर मग लक्षात येते की रेषा उमटलेल्या नाहीत, शेवटचा स्तंभ दुसऱ्याच कागदावर गेला आहे, किंवा लाल रंगाने दाखवलेली गावे झेरॉक्समध्ये काळ्या डागांसारखी दिसत आहेत. या तीनही अडचणींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. अधिकाऱ्यांनी चुका शोधण्यासाठी मागितलेली प्रत आणि स्वाक्षरी होऊन वरिष्ठ कार्यालयात जाणारी प्रत यांच्या गरजा वेगळ्या असूनही दोन्ही प्रती एकाच मांडणीत छापल्या जातात. या लेखात तपासणीच्या प्रतीची तयारी क्रमाने आणि सविस्तर दिली आहे, कारण ग्रिडलाइन, ओळ-स्तंभांची शीर्षके आणि कृष्णधवल छपाई या तिन्ही सोयींचा खरा उपयोग तिथेच आहे. स्वाक्षरीच्या प्रतीसाठी त्यातले काय काढायचे, ते शेवटी येईल. सूचना विंडोज संगणकावर बसवलेल्या एक्सेलसाठी आहेत. ब्राउझरमधल्या किंवा मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये यातल्या सगळ्या सोयी मिळतीलच असे नाही.

उदाहरणादाखल घेतलेले वर्कबुक

एका तालुक्याच्या टँकर अहवालाचे वर्कबुक समोर आहे, असे समजू. पहिल्या शीटवर गोषवारा आहे आणि पुढे प्रत्येक महसूल मंडळाची एक, अशा पाच शीट आहेत. मंडळाच्या शीटवर पहिल्या तीन ओळींत कार्यालयाचे नाव, विषय आणि कालावधी आहे, तर चौथ्या ओळीत स्तंभांची नावे आहेत. A मध्ये अनुक्रमांक, B मध्ये गाव, C मध्ये वाडी-वस्ती, D मध्ये लोकसंख्या, E मध्ये टँकरचा क्रमांक, F मध्ये चालकाचा मोबाईल क्रमांक, G मध्ये मंजूर खेपा, H मध्ये प्रत्यक्ष खेपा, I मध्ये फरक आणि J मध्ये शेरा आहे. F हा स्तंभ लपवून ठेवलेला आहे. पहिल्या मंडळात पाचव्या ओळीपासून चौसष्टाव्या ओळीपर्यंत साठ नोंदी आहेत आणि पासष्टाव्या ओळीत बेरीज आहे. चौथी ओळ गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत आहे, आणि जिथे प्रत्यक्ष खेपा मंजूर खेपांपेक्षा कमी आहेत, तिथे H मधला सेल लाल रंगाने भरलेला आहे. पडद्यावर हा तक्ता अगदी व्यवस्थित दिसतो, परंतु कृष्णधवल छपाईत तो जसाच्या तसा टिकत नाही.

पहिली पडताळणी : रंगात अडकलेली माहिती बाहेर काढणे

छपाईच्या मांडणीला हात लावण्याआधी शीटवरचा कोणता रंग केवळ शोभेसाठी आहे आणि कोणता रंग माहिती सांगतो, हे ठरवावे. चौथ्या ओळीचा निळा रंग शोभेचा आहे. तो गेला तरी काही बिघडत नाही. लाल सेल मात्र ‘या गावाला पाणी कमी पोहोचले’ एवढी माहिती सांगतो आणि ती दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाही.

`Page Setup` मधला `Black and white` हा पर्याय निवडला की एक्सेल रंगीत अक्षरे आणि रंगीत बॉर्डर काळ्या रंगात छापते आणि सेलमध्ये भरलेला रंग पांढरा करते. म्हणजे लाल सेल फिकट होत नाही, तो सरळ पांढरा होतो, आणि साठ गावांपैकी कोणती अडचणीत आहेत हे कागदावरून कळेनासे होते. म्हणून शेऱ्याच्या आधी ‘स्थिती’ नावाचा एक नवा स्तंभ घालावा. तो J होईल आणि शेरा K मध्ये सरकेल. J5 मध्ये पुढील सूत्र लिहून ते खाली चौसष्टाव्या ओळीपर्यंत ओढावे.

```
=IF(H5="","नोंद नाही",IF(H5<G5,"कमी",""))
```

सूत्रातला पहिला भाग टाळू नये. ज्या गावाच्या खेपांचा आकडा अजून आलेलाच नाही, तिथला रिकामा सेल एक्सेल तुलनेत शून्य धरते. हा भाग नसेल तर अशा गावासमोरही ‘कमी’ असे उमटते. आकडा न येणे आणि पाणी न पोहोचणे या वेगळ्या गोष्टी आहेत आणि अहवालात त्यांची सरमिसळ झाली तर खुलासा मागवला जातो.

याच टप्प्यावर पांढऱ्या अक्षरांचाही शोध घ्यावा. अनेक कार्यालयांत मदतीचे आकडे किंवा नको असलेली शून्ये दिसू नयेत म्हणून त्यांच्या अक्षरांचा रंग पांढरा केलेला असतो. कृष्णधवल छपाईत अक्षरे काळी होतात. चौथ्या ओळीतली पांढरी अक्षरे त्यामुळेच पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी आणि सुवाच्य उमटतात, पण त्याच नियमाने पांढऱ्या रंगात दडवलेले आकडेही कागदावर येतात. असे आकडे दडवायचेच असतील तर त्या सेलची निवड करून `Format Cells` मध्ये `Custom` खाली तीन अर्धविराम, म्हणजे `;;;`, एवढेच स्वरूप द्यावे. मग सेलमधला मजकूर पडद्यावरही दिसत नाही आणि छपाईतही येत नाही, मात्र सूत्रांना तो उपलब्ध राहतो.

दुसरी पडताळणी : फिल्टर, लपवलेले स्तंभ आणि भरकटलेले सेल

फिल्टर लावलेला असेल तर तो काढावा. फिल्टरने लपवलेल्या ओळी छापल्या जात नाहीत, पण `SUM` ने केलेल्या बेरजेत त्या मोजल्या जातात. त्यामुळे कागदावर चाळीस गावे आणि खाली साठ गावांची बेरीज असा विसंगत तक्ता तयार होतो. `Data` टॅबवरचे `Clear` बटण वापरता येण्याजोगे दिसत असेल, तर त्या शीटवर कुठेतरी फिल्टर किंवा क्रमवारी लागू आहे, असे समजावे.

लपवलेल्या F स्तंभाबाबत निर्णय घ्यावा लागतो. तो स्तंभ छापला जाणार नाही, पण स्तंभांची अक्षरे छापली की E नंतर थेट G येईल आणि मधे काहीतरी लपवले आहे, हे वाचणाऱ्याला कळेल. कार्यालयातल्या कार्यालयात फिरणाऱ्या तपासणीच्या प्रतीत याला हरकत नसावी. उलट अधिकाऱ्यांना F मध्ये काय आहे, हे तोंडी सांगून ठेवलेले चांगले.

त्यानंतर `Ctrl+End` दाबून कर्सर कुठे जातो, ते पाहावे. तो K65 वर न थांबता नवशेव्या ओळीत गेला, तर खाली कुठेतरी एखादी रिकामी जागा टंकलेली आहे किंवा स्वरूप दिलेले आहे. अशा शीटमधून रिकामी पाने निघतात. पुढच्या पायरीत छपाईचे क्षेत्र ठरवले की हा त्रास थांबतो, तरी कारण माहीत असलेले बरे.

तिसरी पडताळणी : छपाईचे क्षेत्र आणि पुनरावृत्तीची ओळ

या दोन गोष्टी प्रत्येक शीटवर स्वतंत्रपणे कराव्या लागतात आणि त्या शीट एकत्र करण्याच्या आधी कराव्यात. एकापेक्षा जास्त शीट एकत्र निवडलेल्या असताना `Page Setup` मधल्या `Print area` आणि `Print titles` या चौकटी बंद असतात. त्याचप्रमाणे `Ctrl+P` दाबून छपाईच्या पडद्यावर गेल्यावर तिथल्या `Page Setup` दुव्यातून तीच खिडकी उघडली, तरीही या चौकटी बंदच दिसतात. या कारणाने गोंधळून फाईल खराब झाली, असे समजणारे अनेकजण आहेत. फाईलला काहीही झालेले नसते. खिडकी `Page Layout` टॅबवरच्या `Print Titles` बटणातून उघडावी लागते, इतकेच.

ती उघडली की `Sheet` भागात `Print area` पुढे आपल्या उदाहरणासाठी `A1:K70` लिहावे. बेरीज पासष्टाव्या ओळीत संपत असताना सत्तरपर्यंत जाण्याचे कारण ग्रिडलाइनशी संबंधित आहे. छपाईत ग्रिडलाइन साधारणपणे माहिती जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच येतात आणि त्याखालचा भाग कोरा राहतो. अधिकारी तपासताना खाली हाताने दोन-चार गावे वाढवतात, त्यांना आखलेल्या ओळी हव्या असतात. छपाईच्या क्षेत्रात पाच रिकाम्या ओळी घेतल्या की त्यांच्याभोवतीही रेषा येतात.

छपाईच्या क्षेत्राचा एक तोटाही लक्षात ठेवावा. क्षेत्राच्या आत, म्हणजे पाचव्या आणि सत्तराव्या ओळींच्या दरम्यान, नवी ओळ घुसवली तर क्षेत्र आपोआप वाढते. परंतु कोणी एकाहत्तराव्या ओळीत नवे गाव टंकले, तर ते क्षेत्राबाहेर राहते आणि कोणताही इशारा न देता छपाईतून गळते. टँकरच्या यादीत दर आठवड्याला गावे वाढत असतात, म्हणून नवी नोंद नेहमी बेरजेच्या वर ओळ घुसवूनच करावी, असा कार्यालयात दंडक ठेवावा.

`Rows to repeat at top` पुढे `$4:$4` लिहावे. काहीजण `$1:$4` लिहून कार्यालयाचे नाव आणि विषयही प्रत्येक पानावर आणतात. त्यात प्रत्येक पानाच्या तीन ओळी खर्ची पडतात आणि तपासणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. त्याला हवी असतात ती स्तंभांची नावे, कारण दुसऱ्या पानावर नुसते आकडे दिसले तर मंजूर खेपा कोणत्या आणि प्रत्यक्ष कोणत्या, हे पुन्हा पहिले पान उलटून पाहावे लागते.

चौथी पडताळणी : शीट एकत्र करून तीन खुणा करणे

आता पाचही मंडळांना एकच मांडणी लागू करता येते. पहिल्या मंडळाच्या टॅबवर क्लिक करावे, `Shift` दाबून ठेवून शेवटच्या मंडळाच्या टॅबवर क्लिक करावे. वर फाईलच्या नावापुढे `Group` असा शब्द दिसू लागतो. गोषवाऱ्याची शीट मात्र या गटात घेऊ नये, कारण तिची मांडणी बहुधा उभी असते आणि तिला ओळ-स्तंभांच्या शीर्षकांची गरज नसते.

`Page Layout` टॅबवर `Page Setup` गटाच्या उजव्या कोपऱ्यातला लहान बाण दाबून खिडकी उघडावी आणि `Sheet` भागात `Gridlines`, `Black and white` आणि `Row and column headings` या तीन चौकटींत खूण करावी. शेजारची `Draft quality` ही चौकट रिकामी आहे, याची खात्री करावी. ती निवडलेली असेल तर ग्रिडलाइन छापल्या जात नाहीत आणि ग्रिडलाइनवर खूण असूनही रेषा का येत नाहीत, याचा शोध घेण्यात वेळ जातो.

`Page Layout` टॅबवरच `Sheet Options` नावाचा गट आहे. त्यात ग्रिडलाइन आणि शीर्षके या दोन्हींखाली `View` आणि `Print` अशा दोन वेगळ्या चौकटी आहेत. पहिली फक्त पडद्यासाठी असते आणि दुसरी फक्त कागदासाठी. पडद्यावर रेषा दिसतात म्हणून त्या छापल्या जातील, हा समज या क्षेत्रातला सर्वांत जुना आणि सर्वांत खर्चिक गैरसमज असावा. उलटही खरे आहे : पडद्यावर रेषा बंद ठेवूनही त्या कागदावर आणता येतात.

शीर्षके छापण्याचा उद्देश एकदा समजून घेतला की ती केव्हा हवीत, हे सांगावे लागत नाही. गटविकास अधिकाऱ्यांनी कागदावर ‘H37 तपासा’ एवढेच लिहून परत पाठवले तरी सहायकाला फाईलमध्ये नेमका तोच सेल दोन सेकंदांत सापडतो. अनुक्रमांकावरून शोधायला गेले तर तेहतिसावा अनुक्रमांक सदतिसाव्या ओळीत असतो आणि क्रमवारी बदललेली असेल तर तोही भरवसा राहत नाही. दुसऱ्या पानावर डावीकडे आधी 4 आणि त्याखाली एकदम 36 किंवा त्यासारखा आकडा दिसेल. ती चूक नाही. पुनरावृत्तीची चौथी ओळ तिच्या मूळ क्रमांकासह छापली गेली आहे.

त्याच खिडकीत `Cell errors as` हा पर्याय `displayed` वरच ठेवावा. तो `<blank>` केला की `#N/A` किंवा `#REF!` अशा चुका कागदावर दिसत नाहीत. तपासणीच्या प्रतीचा हेतूच चुका दिसाव्यात हा असल्यामुळे त्या दडवणे उपयोगाचे नाही.

खिडकी बंद केल्यावर लगेच कोणत्याही एका टॅबवर उजवे क्लिक करून `Ungroup Sheets` निवडावे. ही पायरी राहिली तर गंभीर नुकसान होऊ शकते. गट कायम असताना एका शीटवर टंकलेला आकडा पाचही शीटवर त्याच सेलमध्ये जातो आणि तिथला आधीचा आकडा पुसला जातो. चार मंडळांच्या खेपा अशा बदलल्या तर त्या कोणत्या होत्या, हे मूळ ग्रामसेवकांच्या नोंदीतूनच पुन्हा शोधावे लागते.

पाचवी पडताळणी : रुंदी, कारण शीर्षकेही जागा घेतात

डाव्या बाजूला ओळींचे क्रमांक आले की तक्ता थोडा उजवीकडे सरकतो. काल एका पानाच्या रुंदीत बसलेला तक्ता आज शीर्षके चालू केल्यावर बसत नाही आणि शेऱ्याचा स्तंभ एकटाच वेगळ्या पानावर जातो. म्हणून रुंदीची पडताळणी शीर्षके चालू केल्यानंतर करावी, आधी केलेली असली तरी पुन्हा करावी.

पाचही शीट पुन्हा एकत्र करून `Page Setup` खिडकीच्या `Page` भागात कागदाचा आकार `A4` आणि दिशा `Landscape` ठेवावी. कागदाच्या आकाराकडे विशेष लक्ष द्यावे. दुसऱ्या संगणकावरून आलेल्या फाईलमध्ये तो `Letter` किंवा `Legal` असू शकतो आणि मग कागदाच्या ट्रेमध्ये ए-फोर असताना छपाई यंत्र कागद मागत थांबून राहते. डावा समास फाईलला भोक पाडण्यासाठी साधारण अडीच सेंटिमीटर ठेवावा, बाकीचे लहान चालतात. मग `Fit to` निवडून `wide` पुढे 1 लिहावे आणि `tall` पुढची चौकट रिकामी करावी. दोन्ही ठिकाणी 1 लिहिले, तर सत्तर ओळी एकाच पानावर कोंबल्या जातात आणि देवनागरीतल्या वेलांट्या, उकार वाचता येत नाहीत. इंग्रजी अक्षरे ज्या आकारात वाचता येतात, त्या आकारात देवनागरी अक्षरे वाचता येतीलच असे नाही, कारण आपल्या लिपीत अक्षराच्या वर आणि खालीही अर्थ असतो.

`Fit to` वापरले की आपण हाताने घातलेले पानांचे विभाग एक्सेल विचारात घेत नाही, हेही ध्यानात ठेवावे. प्रत्येक गाव-गट नव्या पानावर सुरू व्हावा, असे विभाग घातलेले असतील तर `Adjust to` वापरून टक्केवारी हाताने ठरवावी लागते. अक्षरे फारच बारीक होत असतील तर लोकसंख्येचा स्तंभ तपासणीच्या प्रतीत लपवून जागा मिळवणे हा उपाय टक्केवारी आणखी कमी करण्यापेक्षा मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

सहावी पडताळणी : तळटीप

गट कायम असतानाच त्याच खिडकीच्या `Header/Footer` भागातून `Custom Footer` उघडून मधल्या चौकटीत पान क्रमांक द्यावा.

```
पान &[Page] / &[Pages]
```

उजव्या चौकटीत शीटचे नाव येण्यासाठी `&[Tab]` लिहावे, म्हणजे कागद विस्कटले तरी मंडळ ओळखता येते. खिडकी बंद केल्यावर गट पुन्हा सोडावा. पाचही शीट एकाच वेळी छापल्या तर पान क्रमांक सलग पुढे चालतात आणि एकेक शीट वेगळी छापली तर प्रत्येकीचे क्रमांक 1 पासून सुरू होतात. संच म्हणून द्यायचे असेल तर एकाच वेळी छापावे. दिनांकासाठी `&[Date]` वापरला तर प्रत्येक छपाईच्या दिवसाचा दिनांक येतो. तपासणीच्या प्रतीत ते सोयीचे आहे, कारण कोणती प्रत ताजी आहे हे कळते. अहवालाचा म्हणून जो दिनांक आहे, तो मात्र तिसऱ्या ओळीत हाताने टंकलेलाच असावा.

सातवी पडताळणी : प्रीव्ह्यू

आता पाचही टॅब पुन्हा निवडून `Ctrl+P` दाबावे. वर `Print Active Sheets` असावे. त्याच यादीच्या तळाशी असलेल्या `Ignore Print Area` वर खूण राहिलेली नाही, हे पाहावे, नाहीतर तिसऱ्या पडताळणीतली सगळी मेहनत वाया जाते. `Print Entire Workbook` निवडले तर गोषवाराही छापला जाईल, पण लपवलेल्या शीट छापल्या जाणार नाहीत.

प्रीव्ह्यूत पान लहान दिसत असताना ग्रिडलाइन तुटक दिसतात किंवा दिसतच नाहीत. घाबरून मांडणी बदलण्याआधी खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या बटणाने पान मोठे करून पाहावे. पान मोठे केल्यावर पुढील गोष्टी शोधाव्यात.

- उजवीकडच्या शेवटच्या स्तंभाचे अक्षर K आहे का. ते नसेल तर रुंदी बसलेली नाही.
- एखाद्या सेलमध्ये आकड्याऐवजी `####` आहे का. पडद्यावर जेमतेम बसलेला आकडा कागदावर बसत नाही, असे होते. स्तंभ थोडा रुंद करावा.
- गावाचे नाव दोन ओळींत गेले असेल तर दुसरी ओळ अर्धी कापली गेली आहे का. ओळीची उंची हाताने किंचित वाढवावी, कारण छपाईत अक्षरांची जागा पडद्यापेक्षा थोडी वेगळी मोजली जाते.
- कोणत्या सेलभोवती रेषा नाही. तिथे बहुधा पूर्वी रंग, अनेकदा पांढराच रंग, भरलेला असतो आणि तो ग्रिडलाइनला झाकतो. `Fill Color` मधून `No Fill` निवडले की पडद्यावरची रेषा परत येते. त्यानंतर प्रीव्ह्यू पुन्हा पाहावा.
- अनपेक्षित ठिकाणी एखादा काळा आकडा उमटला आहे का. तो पांढऱ्या अक्षरांचा उरलेला अवशेष असतो.

विलीन केलेल्या सेलच्या आत रेषा येत नाहीत, तो दोष नाही. गोषवाऱ्यात आलेख असेल तर त्याला वरचा नियम तसाच लागू होत नाही. कृष्णधवल छपाईत आलेखाचे रंग करड्या छटांत जातात आणि दोन मंडळांचे स्तंभ सारखेच दिसू शकतात. अशा आलेखावर प्रत्येक स्तंभाला आकड्याचे लेबल लावणे, एवढे पुरेसे होते.

येथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो : छपाई यंत्र मुळातच काळी शाई वापरणारे आहे, मग एक्सेलमध्ये कृष्णधवल निवडण्याची गरज काय? गरज झेरॉक्समुळे पडते. कृष्णधवल न निवडता काळ्या यंत्रावर छापले, किंवा यंत्राच्या गुणधर्मांतून करडी छपाई निवडली, तर लाल सेल करडा होतो आणि त्यावरचा काळा आकडा करड्या पार्श्वभूमीवर येतो. पहिली प्रत वाचता येते. तिची झेरॉक्स काढली की करडा भाग गडद होतो, तिचीही झेरॉक्स काढली की आकडा नाहीसा होतो. सेलची पार्श्वभूमी पांढरी ठेवली तर प्रतीची प्रत काढूनही आकडे वाचता येतात. शिवाय टोनर कमी लागतो.

सर्व ठीक असेल तर लगेच संपूर्ण संच छापू नये. `Pages` पुढे 1 ते 2 लिहून दोन पाने काढावीत आणि दुसऱ्या पानावर चौथी ओळ आली आहे, डाव्या समासात भोक पाडायला जागा आहे, हे प्रत्यक्ष कागदावर पाहावे.

स्वाक्षरीच्या प्रतीसाठी काय बदलायचे

तपासणी होऊन दुरुस्त्या झाल्या की शीट पुन्हा एकत्र करून `Row and column headings` वरची खूण काढावी. वरिष्ठ कार्यालयात जाणाऱ्या तक्त्यावर A, B, C आणि ओळींचे आकडे शोभत नाहीत आणि F गायब असल्याचे विचारलेही जाते. `Gridlines` वरचीही खूण काढून प्रत्येक शीटवर A4 पासून बेरजेच्या ओळीपर्यंत `Home` टॅबवरून `All Borders` द्याव्यात. छापलेल्या ग्रिडलाइनची जाडी बदलता येत नाही. बॉर्डर मात्र बेरजेच्या ओळीला जाड देता येते आणि रंग भरलेल्या सेलवरही टिकते. छपाईचे क्षेत्र `A1:K65` असे आवळावे, किंवा स्वाक्षरीचा मजकूर खाली असेल तिथपर्यंत न्यावे, म्हणजे कोऱ्या आखलेल्या ओळी स्वाक्षरीच्या वर राहणार नाहीत. स्वाक्षरीच्या वर कोऱ्या ओळी सोडणे कोणत्याही कार्यालयीन कागदात धोक्याचे असते. `Black and white` ची खूण तशीच ठेवावी, कारण ही प्रतही झेरॉक्स होणारच आहे.

दर आठवड्याला या खुणा घालत-काढत बसायचे नसेल तर `View` टॅबवरच्या `Custom Views` चा उपयोग करावा. तपासणीची मांडणी तयार असताना `Add` दाबून ‘तपासणी’ असे नाव द्यावे आणि `Print settings` वर खूण ठेवावी. मग खुणा काढून आणि क्षेत्र आवळून ‘स्वाक्षरी’ नावाने दुसरे दृश्य जतन करावे. बॉर्डर हा सेलच्या स्वरूपाचा भाग असल्यामुळे ती दृश्यासोबत बदलत नाही. एकदा दिल्यावर ती दोन्ही प्रतींत राहते आणि तपासणीच्या प्रतीत तिची अडचण होत नाही. वर्कबुकच्या कोणत्याही शीटवर `Insert` मधून केलेले `Table` असेल तर `Custom Views` हे बटण बंद असते. तसे असेल तर तो तक्ता निवडून `Convert to Range` करावा, किंवा त्याच फाईलच्या दोन प्रती ठेवण्याऐवजी खुणा हाताने बदलाव्यात. दोन फाईल ठेवल्या की एकीत दुरुस्ती होते आणि दुसरी छापली जाते.